नमुना उत्तर वेगळं, गुणदानाचे मुद्दे वेगळे

घटक चाचणीच्या उत्तरसूचीत ‘चर्चा करा’ प्रश्नाखाली बहुतेकदा एक छान परिच्छेद लिहिलेला असतो आणि शेवटी कंसात ‘४ गुण’. तेवढ्यावर तपासणी उरकली जाते. पण तो परिच्छेद म्हणजे नमुना उत्तर. गुण कशाला द्यायचे हे त्यातून कळत नाही; ते गुणदानाच्या मुद्द्यांतून कळतं.

इतिहासाचा एक प्रश्न घेऊ: ‘१९०५ ची बंगालची फाळणी प्रशासकीय सोयीसाठी होती, असे सरकार म्हणत होते. चर्चा करा. (४ गुण)’

नमुना उत्तर असं लिहिता येईल: ‘बंगाल प्रांतात बिहार आणि ओडिशाही असल्याने तो फार मोठा होता, म्हणून कारभार सोपा करण्यासाठी फाळणी केली, असे लॉर्ड कर्झनच्या सरकारचे म्हणणे होते. पण या फाळणीने पूर्वेला मुस्लिमबहुल प्रांत झाला आणि बंगाली भाषक दोन प्रांतांत विभागले गेले. १९११ मध्ये फाळणी रद्द करण्याचे जाहीर झाले, तेव्हा बंगाली भाग एकत्र ठेवून बिहार-ओडिशा वेगळे करायचे ठरले. म्हणजे सोय दुसऱ्या मार्गानेही साधता आली असती. त्यामुळे वाढती राष्ट्रीय चळवळ कमकुवत करणे हा मोठा हेतू दिसतो.’

चार गुणांना एवढी लांबी पुरे. सूचीतच पानभर उत्तर असेल, तर तपासणारा नकळत पानभराचीच अपेक्षा धरतो.

आता याच प्रश्नाचे गुणदानाचे मुद्दे. सरकारची बाजू कारणासह सांगितली, १ गुण. फाळणीने धर्म किंवा भाषा यांच्या आधारे काय विभागलं गेलं हे सांगितलं, १ गुण. सरकारचा दावा पुराव्याने तपासला, १ गुण; पुरावा १९११ चाच हवा असं नाही, त्यामुळे इथे ‘किंवा अन्य समर्पक पुरावा’ असं लिहायलाच हवं. लिहिलेल्या मुद्द्यांवरून निघणारा निष्कर्ष, १ गुण. निष्कर्ष कोणत्या बाजूने आहे याला गुण नाहीत. सोयीचं कारणही खरं होतं असं कुणी पुराव्यासह लिहिलं, तर तो गुण मिळतो.

फरक कळतो तो प्रत्यक्ष उत्तरपत्रिकेवर. एका मुलाने लिहिलं:

‘कर्झनने हिंदू-मुसलमानांत फूट पाडण्यासाठी फाळणी केली. लोकांनी विरोध केला. स्वदेशी चळवळ सुरू झाली. परदेशी कापडाच्या होळ्या झाल्या. १९११ मध्ये फाळणी रद्द झाली.’

दुसऱ्या मुलीने:

‘प्रांत मोठा होता म्हणून कारभार अवघड होता हे खरं. पण मग बिहार-ओडिशा वेगळे काढायचे, बंगालीच का तोडले? म्हणून सोय हे एकच कारण वाटत नाही.’

नमुना उत्तर शेजारी ठेवून तपासलं, तर पहिलं उत्तर भरीव दिसतं. कर्झन आहे, १९११ आहे, ओळीही जास्त. सहज अडीच गुण पडतात. मुद्द्यांवर तपासलं की दुसऱ्या मुद्द्याचा एकच गुण हाती लागतो. स्वदेशी आणि होळ्या हे फाळणीचे परिणाम, प्रश्न हेतूबद्दल आहे. १९११ हे साल आलंय, पण त्यावरून काही सिद्ध केलेलं नाही, म्हणून त्याला गुण नाही. मुलीच्या उत्तरात एकही साल नाही, तरी पहिल्या मुद्द्याचा गुण आहे, बंगाली विभागले गेले याचा आहे आणि निष्कर्षाचाही आहे. पर्याय सुचवून तिने दावा तपासला, पण तो पर्याय शक्य होता याचा पुरावा दिला नाही, म्हणून तिसऱ्याचा अर्धा. एकूण साडेतीन. अर्धा गुण द्यायचा की नाही, हेही सूचीत आधीच ठरवून ठेवावं. नाहीतर पहिल्या दहा पेपरांना मिळतो आणि शेवटच्या दहांना मिळत नाही.

मुद्दे लिहितानाची नेहमीची चूक म्हणजे एकच गोष्ट दोनदा मोजणं. ‘फोडा आणि राज्य करा’ हा एक मुद्दा आणि ‘हिंदू-मुस्लिम फूट’ हा दुसरा, असं लिहिलं की एका वाक्याला दोन गुण जातात. ओळखायची खूण सोपी आहे: पहिला मुद्दा लिहूनही दुसरा चुकू शकतो का? नसेल, तर ते दोन मुद्दे नाहीतच. उलटी चूक म्हणजे नमुना उत्तराची वाक्यं तोडून त्यांनाच मुद्दे म्हणणं. मग ‘१९११’ लिहिलं की गुण, आणि तर्क केला तरी शून्य.

सूची पक्की करण्याआधी पाच-सहा उत्तरपत्रिका गुण न देता वाचाव्यात. आपल्याला न सुचलेला योग्य मुद्दा तिथे हमखास सापडतो. तो सूचीत घालून मगच तपासणी सुरू करावी. तपासायचंही प्रश्नवार: सगळ्यांचा हा प्रश्न आधी, मग पुढचा.

पेपर परत देताना मात्र वर्गाला दोन्ही दाखवावं, पण आधी मुद्दे. नमुना उत्तर आधी फळ्यावर गेलं की मुलं तेच वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या चाचणीत ‘चर्चा करा’ दिसलं की पाठ केलेलं उतरवतात.