सातबारा की सात डिसेंबर?

सर्व्हे नंबर ४ चे हिस्से एकाखाली एक टाइप करत जा आणि पडद्याकडे नीट बघा. `4/11` लिहिलं की एक्सेल दाखवतं `04-Nov`. `4/12` चं होतं `04-Dec`. मग `4/13` लिहिलं की अचानक `Apr-13`, आणि पुढे `Apr-14`, `Apr-15`. कुठे आवाज नाही, लाल रेघ नाही, विचारणा नाही. माझ्याकडे २०२३ साली एका गावाची अशी यादी दुरुस्तीला आली होती. पाठवणाऱ्याची तक्रार एवढीच होती, की "मध्येच तारखा घुसल्यात." घुसल्या नव्हत्या, हिस्स्यांच्याच तारखा झाल्या होत्या. सर्व्हे नंबर ७, हिस्सा १२ या जमिनीसमोर तर `07-Dec` होतं.

जमिनीला असे आकडे देण्याची आपल्याकडची पद्धत बरीच जुनी. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी मोजणी आणि आकारणी बसवली, ती पुढे मुंबई इलाख्यात सगळीकडे गेली आणि शेताची ओळख सर्व्हे नंबरावर आली. नंतर वाटण्या होत गेल्या, पोटहिस्से पडले, आणि नंबराच्या पुढे तिरपी रेघ मारून हिस्सा लिहिला जाऊ लागला. या रेघेचा भागाकाराशी संबंध नाही आणि तारखेशीही नाही.

स्प्रेडशीटने मात्र या रेघेचे अर्थ दोनदा लावले. १९७९चं व्हिजिकॅल्क आणि १९८३चं लोटस १-२-३ यांत ओळ आकड्याने सुरू झाली की ते गणित समजलं जाई. `1/2` लिहिलं की ०.५. लोटसमध्ये तारीख हवी असेल तर `@DATE` हे फंक्शन मुद्दाम लिहावं लागे. आकडा अक्षर म्हणून ठेवायचा तर आधी एक खूण द्यायची. लोटसमध्ये ही खूण म्हणजे `'`. मजकूर डावीकडे लावणारं चिन्ह होतं ते. आजही आपण एक्सेलमध्ये `'7/12` असं लिहून आकडा वाचवतो, ती लोटसचीच आठवण.

एक्सेल १९८५ मध्ये मॅकवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आलं. त्यात गणिताची सुरुवात `=` ने होते. म्हणजे नुसतं `1/2` आता गणित राहिलं नाही. ते मजकूर म्हणून सोडून देता आलं असतं. पण हिशेबनीस दिवसभर तारखा टाइप करणार, त्यांना फंक्शन लिहायला लावायचं नाही, म्हणून रेघ दिसली की तारीख समजायची असं ठरलं असावं. अपूर्णांक हवा असेल तर `0 1/2` असं शून्य आणि मोकळी जागा देऊन लिहायचं. हे किती जणांना माहीत आहे, हा प्रश्नच आहे. माझ्या मते निर्णय हिशेबनिसांसाठी बरोबर होता आणि बाकी सगळ्यांसाठी चुकीचा.

खरी अडचण पुढची आहे. तारीख झाली की एक्सेल तुम्ही टाइप केलेली अक्षरं जपून ठेवत नाही. त्या घरात, म्हणजे सेलमध्ये, राहतो फक्त दिवसांचा एक क्रमांक. १ जानेवारी १९०० हा दिवस १ आणि तिथून मोजत पुढे. (यात २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवसही मोजलेला आहे. चूक लोटसची, लोटसच्या फाइली जशाच्या तशा उघडाव्यात म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून ठेवली.) त्या क्रमांकावर वर दिसण्याचा एक साचा चढवला जातो आणि आपल्याला दिसतो तो साचा. आता हे बघा, २०२३ मध्ये भारतीय सेटिंगच्या मशीनवर टाइप केलेलं:

```
टाइप केलं   दिसलं     आत राहिलं
7/12        07-Dec    45267
1/4         01-Apr    45017
4/23        Apr-23    45017
45/2        45/2      (मजकूर)
```

मधल्या दोन ओळी पुन्हा वाचा. सर्व्हे नंबर १ चा हिस्सा ४ आणि सर्व्हे नंबर ४ चा हिस्सा २३, दोन वेगळ्या जमिनी, आत एकच क्रमांक. त्यांना वेगळं ठेवणारी एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे वरचा साचा. म्हणून अशी यादी हाती आली की घाबरून सगळा कॉलम `General` किंवा `Text` करणं हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. तसं केलं की समोर `45017` येतो आणि साचाही जातो. आधी मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवायची, मगच हात लावायचा.

या दुखण्याची जगभर चर्चा झाली ती जमिनीमुळे नाही, जनुकांमुळे. २००४ मध्ये ‘बीएमसी बायोइन्फर्मॅटिक्स’ या नियतकालिकात एक लेख आला, की `DEC1` या जनुकाचं नाव एक्सेलमध्ये १ डिसेंबर होतं आणि परत मिळवता येत नाही. बारा वर्षांनी, २०१६ मध्ये, मेलबर्नच्या संशोधकांनी अठरा नियतकालिकांतल्या लेखांना जोडलेल्या एक्सेल याद्या तपासल्या. जनुकांच्या याद्या जोडलेल्या लेखांपैकी सुमारे एक पंचमांश लेखांत अशा चुका निघाल्या. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने हात टेकले आणि नावंच बदलली. `SEPT1` चं `SEPTIN1` झालं, `MARCH1` चं `MARCHF1`. सॉफ्टवेअर बदलेना म्हणून जनुकांनी नाव बदललं.

२०२३च्या शेवटाला मायक्रोसॉफ्टने एक्सेलच्या `Options` मधल्या `Data` भागात `Automatic Data Conversion` नावाचा गट दिला. त्यात आकड्यापुढची शून्यं राखता येतात, आणि सलग अक्षर-आकड्यांची तारीख करणं बंद करता येतं. पण ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा. `DEC1` वाचतं. `7/12` मध्ये रेघ आहे, त्यामुळे त्याला त्या खिडकीतून सुटका नाही.

तेव्हा परत यादीकडे. साचा शाबूत असेल तर एक्सेलला तो विचारता येतो. `CELL("format",A2)` हे दिवस-महिना साच्याला `D2` असं उत्तर देतं, महिना-वर्ष साच्याला `D3`, आणि साध्या आकड्याला `G`. शेजारच्या कॉलममध्ये हे लिहायचं:

```
=IF(ISTEXT(A2),A2,
 IF(CELL("format",A2)="D2",DAY(A2)&"/"&MONTH(A2),
 IF(CELL("format",A2)="D3",MONTH(A2)&"/"&TEXT(A2,"yy"),
 IF(CELL("format",A2)="G",A2&"","तपासा"))))
```

मजकूर राहिलेला `45/2` तसाच येतो. `07-Dec` मधून `7/12` येतं, `Apr-23` मधून `4/23`. हिस्सा नसलेला नुसता `45` मजकूर होऊन येतो. `12/3/1` सारखे तीन तुकड्यांचे आकडे `12-03-2001` झालेले असतात, ते ‘तपासा’मध्ये पडतात आणि हाताने बघावे लागतात. तिथे दिवस आणि महिना काढायचा आणि वर्षातून २००० वजा करायचे.

हे सूत्र एक गोष्ट गृहीत धरतं, की टाइप करणारं मशीन दिवस-आधी लिहिणारं होतं. नव्या लॅपटॉपवर अमेरिकन सेटिंग तसंच राहिलेलं बऱ्याचदा सापडतं. तिथे `7/12` म्हणजे १२ जुलै, आणि सूत्र निमूटपणे `12/7` काढून देईल. ओळखायचं कसं? जे आकडे मजकूर म्हणून वाचलेत ते बघायचे. अमेरिकन मशीनवर पहिला आकडा महिना असतो, त्यामुळे `23/4` ला तारीख होता येत नाही, ते डावीकडे मजकूर म्हणून बसतं. भारतीय सेटिंगमध्ये त्याचं `23-Apr` झालं असतं. यादीत `23/4`, `18/2` असे वाचलेले आकडे दिसले तर सूत्रातले `DAY` आणि `MONTH` उलट करायचे. मात्र हे `D2` च्या फांदीतच, `D3` ला हात लावायचा नाही.

जुन्या मॅकवरून फिरून आलेली फाइल असेल तर आणखी एक फसवणूक. तिथे मोजणी १९०४ पासून होत असे. एका पद्धतीच्या फाइलमधून दुसरीत घरं चिकटवली की तारीख १,४६२ दिवसांनी सरकू शकते, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस. वर्ष आपल्याला नको आहे, पण तो एक दिवस म्हणजे इथे एक सर्व्हे नंबर. सात-बाराचं सहा-बारा किंवा आठ-बारा होऊन बसतं आणि दिसायला अगदी खरं दिसतं.

माझ्या यादीत अर्ध्या कॉलमवर कुणीतरी आधीच `dd-mm-yyyy` साचा चढवला होता. तिथे सूत्र ‘तपासा’ म्हणूनच थांबलं. मग वर्ष कामी आलं. यादी २०२३ मध्ये टाइप झाली हे माहीत होतं. वर्ष २०२३ सोडून दुसरं काही असेल आणि दिवस १ असेल, तर ते महिना-वर्ष, म्हणजे `01-04-2022` हे `4/22`. वर्ष २०२३ आणि दिवस १ सोडून काहीही, तर दिवस-महिना. उरल्या फक्त बारा तारखा, त्या वर्षातल्या प्रत्येक महिन्याची पहिली. `01-04-2023` हे `1/4` की `4/23`, ते आकड्यातून सांगता येत नाही. शेजारच्या ओळी बघायच्या. वर `01-04-2022` आणि खाली `01-04-2024` असेल तर मधलं `4/23`. यादी सर्व्हे नंबराच्या क्रमाने असली तर हे जमतं. कुणी नावाप्रमाणे लावलेली असली तर खातेदाराचं नाव घेऊन सातबारा उघडून बघण्याला पर्याय नाही.

दुरुस्त कॉलम सूत्रांतच ठेवायचा नाही. एक नवा कॉलम आधी `Text` करून घ्यायचा आणि त्यात `Paste Special` मधून फक्त `Values` चिकटवायच्या. साध्या घरात चिकटवलं तरी पहिल्यांदा मजकूरच राहतो, पण उद्या कुणी त्या घरात `F2` दाबून एंटर मारला की परत `07-Dec`. फाइल सीएसव्ही म्हणून पाठवायची असेल तर समोरच्याला डबल क्लिक करू नको म्हणून सांगावं लागतं. सीएसव्हीमध्ये ‘हा कॉलम मजकूर आहे’ हे लिहायला जागाच नसते, त्यामुळे आयात करताना तिकडच्या माणसाने तो कॉलम मजकूर म्हणून निवडावा लागतो.

माझ्या यादीत शेवटी नऊ ओळी उरल्या. त्या पिवळ्या करून फाइल परत पाठवली, आणि तलाठ्याकडून खात्री करून आकडे फोनवर सांगा, मेसेजमध्ये तक्ता चिकटवू नका, असं खाली लिहिलं.