आंतरधर्मीय विवाहाला कुटुंबाचा विरोध : विशेष विवाह कायद्यातील नोटिशीचा काळ

भिन्न धर्मांच्या दोन सज्ञान व्यक्तींना आपापला धर्म न सोडता लग्न करायचे असल्यास त्यांच्यापुढे सर्वांत सरळ मार्ग असतो तो विशेष विवाह कायदा, १९५४ या कायद्याखालील नोंदणी विवाहाचा. १८७२ च्या जुन्या कायद्यात वधूवरांना आपण कोणताच प्रस्थापित धर्म मानत नाही असे जाहीर करावे लागे. १९५४ च्या कायद्याने ही अट काढून टाकली. वर २१ वर्षांचा आणि वधू १८ वर्षांची असली, दोघांपैकी कोणाचाही आधीचा जोडीदार हयात नसला, दोघेही मनाने संमती देण्यास सक्षम असले आणि त्यांचे नाते निषिद्ध नात्यांत बसत नसले की कायद्याच्या मुख्य अटी पूर्ण होतात. आईवडिलांच्या संमतीचा त्यात उल्लेखही नाही. तरीही लग्नापूर्वी ३० दिवस जाहीर नोटीस लावण्याची तरतूद या कायद्यात कायम आहे. घरच्यांना विरोध करण्याचा हक्क कायदा देत नाही, पण विरोध करायला वेळ मात्र देतो. महाराष्ट्रातील आंतरधर्मीय जोडप्यांची खरी कसोटी याच महिन्यात लागते.

आंतरजातीय लग्नात हा महिना सहसा येत नाही. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांचे आपसांतील विवाह हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली होतात आणि त्यासाठी आगाऊ नोटीस लागत नाही. आळंदीला जाऊन एका दिवसात लग्न लावून परतणारी जोडपी याच सवलतीचा आधार घेतात. तेथेही विधी प्रत्यक्ष झालेला असावा लागतो. विधी न करता केवळ कागदावर मिळवलेले नोंदणी प्रमाणपत्र म्हणजे हिंदू विवाह नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून विधीची छायाचित्रे, पुरोहिताची पावती आणि साक्षीदारांची नावे जपून ठेवणे आवश्यक ठरते.

नोटिशीचे काम प्रत्यक्षात कसे चालते, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. फलटण तालुक्यातील २४ वर्षांची हिंदू तरुणी पुण्यात भाड्याने राहून नोकरी करते आणि तिला पुण्यातीलच २७ वर्षांच्या मुस्लिम तरुणाशी लग्न करायचे आहे. दोघांपैकी एकाने तरी नोटिशीपूर्वी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य केलेले असले पाहिजे. येथे ती अट सहज पूर्ण होते. दोघे ३ जून रोजी पुण्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस देतात आणि तिची प्रत त्याच दिवशी कार्यालयाच्या फलकावर लागते. तरुणीचे कायमचे वास्तव्य सातारा जिल्ह्यात असल्याने एक प्रत तेथील विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि त्याच्या फलकावर लावली जाते. हरकत न आल्यास जुलैच्या पहिल्या आठवड्यात, ३० दिवस उलटल्यावर, लग्न लागू शकते. तीन महिन्यांच्या आत, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, ते लागले नाही तर नोटीस रद्द होते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.

बातमी घरी पोहोचते ती बहुधा या दुसऱ्या फलकावरून. जिल्ह्याच्या गावी नाव, वय आणि पत्ता वाचून ओळख पटवणारे कोणी ना कोणी निघतेच. अशा नोटिशींची छायाचित्रे काढून ती समाजमाध्यमांवर फिरवणाऱ्या संघटनाही आहेत. नोटीस थेट घरी पाठवण्याला मात्र कायद्यात आधार नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ही प्रथा बेकायदा ठरवली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये पुढचे पाऊल टाकून नोटीस जाहीर करायची की नाही हे जोडप्याच्या इच्छेवर सोडले. मात्र तो निकाल महाराष्ट्रातील अधिकाऱ्यांवर बंधनकारक नाही. त्यामुळे नोटीस देणाऱ्याने ती घरी कळणारच असे गृहीत धरावे. तरुणीचा कायमचा पत्ता लपवणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण नोटिशीतील खोटी माहिती पुढे तक्रारीला कारण देते.

कळल्यानंतर घरचे लेखी हरकत घेतीलच असे नाही आणि घेतली तरी तिचा आवाका मर्यादित असतो. वय, आधीचे लग्न, मानसिक अक्षमता किंवा निषिद्ध नाते एवढ्याच कारणांवर हरकत चालते. ‘मुलगी आमच्या धर्माची आहे’ किंवा ‘आम्हाला हे मान्य नाही’ ही कारणे कायद्याला ठाऊक नाहीत. हरकत आल्यास विवाह अधिकाऱ्याने ३० दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो. ती मान्य झाली तर ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येते. हरकत अवाजवी व गैरहेतूने घेतल्याचे आढळल्यास हरकतदाराकडून हजार रुपयांपर्यंत खर्च वसूल करता येतो. हा आकडा १९५४ चाच राहिला आहे आणि आज तो कोणालाही परावृत्त करू शकत नाही.

खरा विरोध कार्यालयाबाहेर घडतो. आईची तब्येत बिघडल्याचा फोन येतो, भावकी जमते, धाकट्या बहिणीचे लग्न कसे जमणार हा प्रश्न पुढे केला जातो. मुस्लिम घरात हेच दडपण जमातीच्या आणि नातेवाइकांच्या नावाने येते. यातली काळजी पुष्कळदा खरी असते, पाहुणेरावळ्यांत तोंड दाखवायची भीतीही खरी असते, आणि म्हणूनच मुलांना नकार देणे जड जाते. सर्वांत धोक्याचा असतो तो अचानक आलेला होकार : ‘घरी या, आपण रीतसर लग्न लावून देऊ.’ असे बोलावून मुलीला कोंडून ठेवणे, घाईने दुसरीकडे लग्न ठरवणे, क्वचित जिवावर उठणे, हे महाराष्ट्रातही घडले आहे. होकार खरा की डावपेचाचा हे ओळखण्याची काही चिन्हे आहेत. मनापासून तयार झालेले आईवडील मुलांनी सुचवलेल्या तिसऱ्या ठिकाणी भेटायला येतात, नोंदणीची तारीख तशीच राहू देतात आणि लग्नाचा वेगळा समारंभ त्यानंतर करायला कबूल होतात. नोटीस मागे घेण्याचा आग्रह, एकटीनेच यावे ही अट आणि फोन किंवा कागदपत्रे ताब्यात घेण्याची धडपड दिसली, तर जाऊ नये.

घरी सांगायचे केव्हा, हा म्हणूनच डावपेचाचा नव्हे तर सुरक्षिततेचा प्रश्न आहे. संवादाला जागा असलेल्या घरात नोटिशीच्या काही महिने आधी बोलणे सुरू करावे, म्हणजे पहिला राग ओसरायला अवधी मिळतो. विश्वासातला मामा, आत्या किंवा जुने शिक्षक मध्यस्थ म्हणून उपयोगी पडतात. जेथे मारहाणीचा किंवा कोंडून ठेवण्याचा पूर्वानुभव आहे, तेथे प्रमाणपत्र हाती आल्यावरच सांगणे शहाणपणाचे. नोटीस फलकावर असताना प्रथमच विषय काढणे हा सर्वांत वाईट पर्याय, कारण तेव्हा घरच्यांपुढे मुदत असते आणि ते समजून घेण्याऐवजी थांबवण्याच्या मागे लागतात.

नोटीस देण्यापूर्वी कागदपत्रे हाताशी असावीत. शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र आणि जन्मदाखला यांना फार महत्त्व आहे, कारण मुलगी अल्पवयीन असल्याचा दावा झाला की प्रकरण अपहरणाच्या गुन्ह्यावर जाते आणि वयाच्या पुराव्यासाठी याच कागदांकडे पाहिले जाते. ते घरी अडकले असतील तर शाळेतून, मंडळाकडून किंवा ग्रामपंचायत व नगरपालिकेतून दुसऱ्या प्रती आधीच काढाव्यात. विवाहाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. त्यांच्यावरही दबाव येतो, तेव्हा चौथा माणूस तयार ठेवणे बरे. लग्नानंतरचे काही महिने भागतील एवढे पैसे मुलीच्या स्वतःच्या, घरच्यांचे नाव नसलेल्या बँक खात्यात असावेत.

घरच्यांकडून बेपत्ता झाल्याची तक्रार येणे जवळजवळ ठरलेले असते. आपल्या उदाहरणातील तरुणीने पुण्याच्या पोलीस आयुक्तांना आणि साताऱ्याच्या पोलीस अधीक्षकांना आधीच लेखी अर्ज देऊन ठेवावा. आपण सज्ञान असून स्वेच्छेने वेगळे राहत आहोत, अमुक व्यक्तींकडून धोका आहे आणि आपला सध्याचा पत्ता कोणालाही कळवू नये, असे त्यात स्पष्ट लिहावे आणि अर्जाची पोच घ्यावी. स्थानिक ठाण्यातून ‘एकदा येऊन जबाब दे’ असा निरोप आला तर वकिलाबरोबर आणि शक्यतो पुण्यातच जबाब देण्याची तयारी लेखी कळवावी. कर्नाटकातील एका प्रकरणात विवाह प्रमाणपत्र मिळूनही तरुणीने माहेरच्या ठाण्यात यावे असा आग्रह धरणाऱ्या तपास अधिकाऱ्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ताशेरे ओढले. दोन सज्ञान व्यक्तींच्या संमतीनंतर कुटुंबाची वा समाजाची संमती लागत नाही, असे त्या निकालात म्हटले आहे.

शक्ती वाहिनी प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २७ मार्च २०१८ च्या निकालाने अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि गरजेनुसार सुरक्षागृह असावे असे सांगितले. तेथे नाममात्र शुल्कात प्रथम एक महिना आणि धोका पाहून वर्षभरापर्यंत राहता येते. लग्न झालेले असणे त्यासाठी आवश्यक नाही. महाराष्ट्रात ही व्यवस्था कागदावर यायलाच काही वर्षे गेली आणि ठाण्यातील कर्मचाऱ्यांना ती माहीत असेलच असे नाही, म्हणून अर्जात या निकालाचा तारखेसह उल्लेख करावा. तातडीच्या धोक्यात ११२ हा क्रमांक लावावा. मुलीला घरी डांबून ठेवले असल्यास तिचा जोडीदार किंवा मैत्रीण उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका दाखल करू शकते. सातारा जिल्ह्यासाठी ती ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेल्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालू शकेल. न्यायालय मुलीला समोर बोलावून तिची इच्छा विचारते. त्या क्षणी तिने स्पष्ट उत्तर देणे निर्णायक ठरते, आणि आठवडाभर घरच्यांच्या दबावाखाली राहिलेल्या मुलीला तेच सर्वांत कठीण जाते. न्यायाधीशांशी एकांतात बोलू द्यावे अशी विनंती वकिलामार्फत करता येते.

महिनाभर थांबणे टाळण्यासाठी काही जोडपी एकाने धर्म बदलून निकाह किंवा वैदिक पद्धतीने लग्न उरकतात. मनात श्रद्धा नसताना केलेले असे धर्मांतर पुढे सक्तीच्या धर्मांतराच्या तक्रारीला निमंत्रण देते. धर्म न बदलता हिंदू स्त्रीशी लागलेला निकाहही मुस्लिम कायद्यात नियमित मानला जात नाही. अशा विवाहात पत्नीचा वारसा टिकत नाही, मुलांचा मात्र टिकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. घरच्यांचा विरोध तीव्र असेल तेथे असे कच्चे लग्न वाचवण्याऐवजी अडचण वाढवते.

मुलगा १८ पूर्ण पण २१ च्या आत असेल, तर लग्नाची घाई करू नये. दोन सज्ञान व्यक्तींना लग्नाविना एकत्र राहण्याचा हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले आहे आणि तोवर पोलीस संरक्षण मागता येते.

वारसा तोडण्याची धमकी तपासून घ्यावी. विशेष विवाह कायद्याखाली हिंदू व्यक्तीने अन्य धर्मीयाशी लग्न केल्यास ती एकत्र कुटुंबातून विभक्त झाल्याचे मानले जाते, पण वडिलोपार्जित मालमत्तेतील तिचा तोवरचा हिस्सा बुडत नाही. वडील आपल्या स्वकष्टार्जित मालमत्तेचे मृत्युपत्र हवे तसे करू शकतात. ते केले नाही तर अशा लग्नामुळे मुलीचा वारसाहक्क नष्ट होत नाही. त्या जोडप्याच्या स्वतःच्या मालमत्तेला मात्र भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. मूल नसताना एकाचा मृत्यू झाल्यास त्या कायद्यानुसार मृताच्या नातेवाइकांनाही वाटा मिळू शकतो, म्हणून घरांशी संबंध तुटलेल्या जोडप्याने लग्नानंतर लवकरच परस्परांच्या नावे मृत्युपत्र करून ठेवावे.