ग्रोथ माइंडसेट: परिणाम किती, आणि कोणावर?

‘मुलांना हुशार म्हणू नका, मेहनती म्हणा, गुण आपोआप वाढतील’ हे वाक्य शिक्षकांच्या प्रशिक्षणात, पालकसभेत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सर्रास ऐकू येतं. ‘संशोधनाने सिद्ध झालं आहे’ अशी पुस्तीही त्याला जोडलेली असते. संशोधन खरंच झालं आहे आणि त्यातलं काही फार काळजीपूर्वक केलेलं आहे. पण त्यातून जे सिद्ध झालं ते या वाक्यापेक्षा वेगळं आहे, आणि आकाराने बरंच लहान.

मूळ कल्पना कॅरल ड्वेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंची. बुद्धी जन्मतः ठरलेली असते असं मानणारं मूल अपयश आलं की ‘आपल्यात तेवढी बुद्धीच नाही’ असा अर्थ लावतं आणि प्रयत्न सोडतं. बुद्धी वाढवता येते असं मानणारं मूल त्याच अपयशानंतर अभ्यासाची पद्धत बदलून पाहतं. या दुसऱ्या समजुतीलाच ग्रोथ माइंडसेट म्हणतात. 1998 साली क्लॉडिया म्युलर आणि ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. मुलांना आकृत्यांची दहा कोडी दिली. ती झाल्यावर सगळ्यांना ‘छान केलंस’ म्हटलं, मग काहींना ‘तू यात हुशार दिसतोस’ आणि काहींना ‘तू खूप मेहनत घेतलेली दिसते’ एवढं एकच वाक्य जास्तीचं सांगितलं. त्यानंतर मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांना अपयश चाखायला लावलं आणि शेवटी पुन्हा पहिल्यासारखी सोपी कोडी दिली. हुशार म्हटलेल्या मुलांची शेवटची कामगिरी पहिल्यापेक्षा घसरली, मेहनती म्हटलेल्यांची सुधारली. आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या मुलाला कळवायला सांगितल्यावर हुशार म्हटलेल्यांपैकी 38 टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले, मेहनती म्हटलेल्यांपैकी 13 टक्क्यांनी.

हा प्रयोग लक्षात राहण्यासारखा आहे. पण तो एका बैठकीतल्या कोड्यांचा आहे, वर्षभराच्या गणिताचा नाही. शिवाय चीनमध्ये यू ली आणि टिमथी बेट्स यांनी 2019 मध्ये तीन अभ्यासांत मिळून 624 मुलांवर या कल्पनेची तपासणी केली, तेव्हा अपेक्षित परिणाम जवळजवळ कुठेच मिळाला नाही.

शाळेतल्या गुणांपर्यंत पोहोचलेला गाजलेला अभ्यास 2007 चा, न्यूयॉर्कमधल्या सातवीच्या मुलांचा. 91 मुलांचे दोन गट केले. दोन्ही गटांना प्रत्येकी पंचवीस मिनिटांची आठ सत्रं दिली. दोघांनाही अभ्यासकौशल्यं शिकवली, पण एका गटाला त्याबरोबर मेंदू सरावाने कसा बदलतो हेही शिकवलं. तुलनेसाठी ठेवलेल्या गटाचे गणिताचे गुण घसरत राहिले, दुसऱ्या गटाची घसरण थांबली.

इथे थोडं गणित करायला हवं, कारण पुढचा सगळा वाद त्यातून उलगडतो. दोन गटांच्या सरासरीतला फरक ‘प्रमाण विचलना’च्या पटीत मोजतात. वर्गातले गुण सरासरीच्या आजूबाजूला किती पसरले आहेत, त्याचं हे माप. शंभर मुलं गुणांप्रमाणे रांगेत उभी केली आणि मधल्या, म्हणजे पन्नासाव्या मुलाला 0.1 प्रमाण विचलनाने पुढे सरकवलं, तर ते चार जणांना ओलांडतं. 0.4 ने सरकवलं तर पंधरा-सोळा जणांना.

आता समजा, एखाद्या उपक्रमाचा खरा परिणाम 0.1 आहे आणि आपण प्रत्येक गटात 45 मुलं घेऊन तो तपासतो. एवढ्या लहान गटांत नुसत्या योगायोगानेही बऱ्यापैकी फरक पडतो. एका गटात चार मुलं तापाने आजारी पडली, दुसऱ्यात दोघांना घरी चांगली शिकवणी मिळाली, एवढं पुरतं. ‘हा योगायोग नव्हे’ असं म्हणायचा शास्त्रातला रूढ निकष या संख्येला लावला, तर दिसणारा फरक निदान 0.41 असावा लागतो. म्हणजे खरा परिणाम 0.1 असूनही अभ्यास ‘यशस्वी’ ठरायचा असेल, तर योगायोगाने त्यात चौपट फुगवटा यावा लागतो. ज्या अभ्यासांत तो येत नाही त्यांना ‘काही सापडलं नाही’ असा शेरा मिळतो आणि ते कपाटात पडून राहतात. जे छापून येतात ते सगळे 0.4 च्या वरचे. कुणीही लबाडी केलेली नसते, तरी छापील अभ्यासांची सरासरी खऱ्याच्या चौपट दिसते. मुलांचे आधीचे गुण हिशेबात धरले तर ही मर्यादा बरीच खाली येते, पण 0.1 पर्यंत उतरत नाही. लहान अभ्यासांतले मोठे आकडे पुढे मोठ्या अभ्यासांत विरघळतात, त्याचं मुख्य कारण हे आहे.

मोठा अभ्यास झाला तो अमेरिकेतच. डेव्हिड येगर, ड्वेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष 2019 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. देशभरातून नमुना पद्धतीने निवडलेल्या 65 सरकारी शाळांतली नववीची सुमारे 12,500 मुलं त्यात होती. प्रत्येक मुलाने शाळेतल्या संगणकावर साधारण पंचवीस मिनिटांची दोन सत्रं केली, दोहोंत एक ते चार आठवड्यांचं अंतर. कोणत्या मुलाला कोणता पाठ द्यायचा हे संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवत होता. एका गटाने अवघड काम करताना मेंदूतल्या जोडण्या कशा पक्क्या होतात ते वाचलं आणि शेवटी पुढच्या वर्षी नववीत येणाऱ्या मुलाला सल्ला देणारं छोटं टिपण लिहिलं. हे टिपण महत्त्वाचं असतं, कारण दुसऱ्याला पटवताना माणूस ते स्वतःलाही पटवतो. तुलनागटानेही मेंदूवरचाच पाठ वाचला, पण त्यात बुद्धी वाढते असं कुठे म्हटलेलं नव्हतं. शिक्षकांना कोणतं मूल कोणत्या गटात आहे हे माहीत नव्हतं. गुण शाळेच्या दप्तरातून घेतले, आणि काय मोजणार, कसं मोजणार हे आकडे पाहण्याआधीच नोंदवून ठेवलं.

ही आगाऊ नोंद का लागते? आकडे हातात आल्यावर मुली, मुलगे, गरीब, श्रीमंत, गणितात कच्चे असे वीस उपगट चाळले, तर परिणाम शून्य असतानाही निदान एका उपगटात तो ‘सापडण्याची’ शक्यता सुमारे 64 टक्के असते. ‘शाळेत मागे असलेली मुलं’ हा उपगट इथे आधीच ठरवलेला होता. म्हणून त्याच्या निष्कर्षाला वजन आहे.

निष्कर्ष असा: मागे असलेल्या सुमारे 6,300 मुलांच्या मुख्य विषयांच्या श्रेणी-सरासरीत 0.10 ची वाढ झाली. प्रमाण विचलनात सांगायचं तर 0.11. एक श्रेणी म्हणजे एक अंक, त्यामुळे चार मुख्य विषय धरले, तर एका विषयात ‘सी’ ऐवजी ‘बी’ मिळाल्याने सरासरी 0.25 ने वाढते. म्हणजे मागे असलेल्या दर दहा मुलांपैकी चौघांची एकेका विषयात एक श्रेणी वाढली आणि बाकीची सहा जागच्या जागी राहिली, तर सरासरी इतकीच वाढेल. सरासरी ‘डी’ किंवा त्याहून खाली असलेल्या मुलांचं प्रमाण 5.3 टक्के-अंकांनी घटलं, म्हणजे साधारण एकोणीस मुलांमागे एक मूल त्या घसरणीतून वाचलं. पन्नास मिनिटांच्या, जवळजवळ फुकट होणाऱ्या कामासाठी माझ्या मते हा चांगला निकाल आहे. पण ‘तुमचं मूल पहिलं येईल’ असं सांगणाऱ्या व्याख्यात्याच्या हाती यातून काहीही लागत नाही.

याच अभ्यासातली एक बाजू कमी सांगितली जाते. मुलांना गणिताचं सरावपत्रक स्वतः निवडायला दिलं होतं: सोपी उदाहरणं घ्या, किंवा अवघड घ्या ज्यांतून शिकायला मिळेल. ज्या शाळांत एरवीच मुलं अवघड उदाहरणं घेत होती, तिथे सत्रांचा परिणाम टिकला. जिथे तसं वातावरण नव्हतं, तिथे तो नगण्य राहिला. 2022 मध्ये त्याच माहितीतून आणखी एक गोष्ट दिसली. गणिताचे शिक्षक स्वतः ‘बुद्धी वाढते’ असं मानणारे असतील तिथे गणिताचे गुण वाढले, इतर वर्गांत वाढले नाहीत. सत्र फार तर मुलाचा हात वर करायला लावतं. त्या वर केलेल्या हाताचं पुढे काय होतं, ते वर्ग ठरवतो.

इंग्लंडमध्ये 101 प्राथमिक शाळांत उलटी वाट धरून पाहिली, त्याचा अहवाल 2019 साली आला. तिथे आधी शिक्षकांना प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी सहावीच्या वर्गाला आठ आठवडे पाठ दिले. राष्ट्रीय परीक्षेत वाचनात किंवा गणितात काहीच जादा प्रगती दिसली नाही. कारणं शोधताना एक अडचण समोर आली: तुलनेच्या शाळांतल्याही बऱ्याच शिक्षकांना ग्रोथ माइंडसेट आधीच माहीत होतं, त्यामुळे दोन्ही बाजूंत फरक कमीच राहिला. पण अर्जेंटिनातल्या साल्ता प्रांतात 202 माध्यमिक शाळांवर झालेल्या प्रयोगातही परिणाम मिळाला नाही, आणि त्याला हे कारण पुरत नाही.

सगळे अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्यांत मात्र उघड भांडण आहे. 2018 मध्ये सिस्क आणि सहकाऱ्यांना सरासरी परिणाम 0.08 मिळाला. 2023 मध्ये ब्रुक मॅकनमारा आणि अलेक्झांडर बर्गोइन यांनी 63 अभ्यास तपासले. त्यांची सरासरी 0.05 आली, आणि फक्त सर्वांत काटेकोर सहा अभ्यास घेतल्यावर 0.02, म्हणजे शून्यापासून वेगळी न काढता येणारी. ज्या लेखकांना या विषयातून आर्थिक लाभ मिळू शकत होता त्यांचे आकडे इतरांपेक्षा मोठे होते, हेही त्यांनी दाखवलं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की सगळ्या मुलांची मिळून सरासरी काढणंच चूक आहे, ज्यांना गरज आहे त्यांच्यावरचा परिणाम पाहा. मला दोन्ही म्हणणी अर्धी पटतात. सरासरीत गरजू मुलांवरचा परिणाम पातळ होतो हे खरं, पण तो उपगट आधी नोंदवलेला नसेल तर वर सांगितलेला 64 टक्क्यांचा सापळा तयारच असतो.

हाताच्या ठशांवरून मुलाची ‘जन्मजात बुद्धी’ सांगणाऱ्या डीएमआयटी चाचण्या आपल्याकडच्या शहरांत हजारो रुपयांना विकल्या जातात. बोटांवरच्या रेघा गर्भातच पक्क्या होतात, पुढे मूल काय शिकेल याच्याशी त्यांचा संबंध असल्याचा पुरावा नाही. एकाच शाळेत आठवड्याच्या अंतराने डीएमआयटीचं शिबिर आणि ग्रोथ माइंडसेटचं व्याख्यान होत असेल, तर मुलांना दोन परस्परविरोधी गोष्टी शिकवल्या जात आहेत, आणि पहिली साफ खोटी आहे.

एखाद्या शाळेला किंवा जिल्ह्याला हे स्वतः तपासायचं असेल तर हिशेब आधीच करता येतो. 0.1 चा परिणाम असला तर तो सापडण्याची शक्यता 80 टक्के तरी हवी, असं धरलं तर दोन्ही गट मिळून सुमारे 3,100 मुलं लागतात. आठवीचे वार्षिक गुण हाताशी असतील आणि नववीच्या गुणांशी त्यांचा सहसंबंध 0.7 च्या आसपास असेल, तर 1,600 पुरतात. गट एकाच तुकडीत चिठ्ठ्या टाकून करावेत, एक तुकडी विरुद्ध दुसरी तुकडी असे करू नयेत, नाहीतर मोजमाप शिक्षकांमधल्या फरकाचं होतं. तुलनागटालाही तितक्याच लांबीचा मेंदूवरचा पाठ द्यावा. ‘बुद्धी बदलता येते का?’ हा प्रश्न आधी आणि नंतर जरूर विचारावा, पण त्याचं उत्तर बदललं यालाच यश मानू नये, कारण उत्तर कोणतं हवं आहे ते मुलांना नुकतंच वाचायला दिलेलं असतं. यश ठरवायचं ते घटक चाचणीच्या गुणांवरून, तेही गट न सांगता तपासलेल्या उत्तरपत्रिकांतून. दोनशे मुलांच्या शाळेने असा प्रयोग केला आणि गुण दणदणीत वाढलेले दिसले, तर त्या निकालाकडे आधी संशयाने पाहावं.