घरच्यांसाठी जागा हवी: भाडेकरूला जाणाऱ्या नोटिशीची पार्श्वभूमी

मुलाचं लग्न ठरलं, राहता फ्लॅट अपुरा पडू लागला आणि भाड्याने दिलेली दुसरी जागा परत हवी झाली की घरमालक आधी वकिलाकडे जाऊन नोटीस काढतो. त्या नोटिशीत अमुक दिवसांत जागा खाली करा असं लिहिलेलं असतं. ती हातात पडताच पुष्कळ भाडेकरू धास्तावतात, तर दिलेली मुदत संपली की जागा आपली झाली असं अनेक मालकांना वाटतं. नोटिशीचा इतिहास पाहिला तर दोघांचाही समज चुकीचा ठरतो.

या इतिहासाला दोन वेगळे धागे आहेत. त्यातला जुना धागा नोटिशीचा. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 106 नुसार, लेखी करारात वेगळं ठरलेलं नसेल तर महिन्या-महिन्याच्या भाडेपट्ट्याला 15 दिवसांची नोटीस पुरे. कारण सांगण्याची गरज नव्हती. मालकाला घर मुलीसाठी हवं की जास्त भाडं देणाऱ्यासाठी, हे कायदा विचारत नसे. त्याची अट फक्त तारखेबद्दल होती: नोटीस भाड्याचा महिना संपतानाच संपली पाहिजे.

ही अट किती जाचक होती, ते एका उदाहरणाने समजेल. भाड्याचा महिना 1 तारखेपासून महिनाअखेरपर्यंत चालतो असं धरू. भाडेकरूला 20 ऑगस्टला नोटीस मिळाली आणि तीत 15 दिवसांत, म्हणजे 4 सप्टेंबरपर्यंत, जागा सोडायला सांगितलं होतं. ही नोटीस निकामी, कारण ती महिन्याच्या मध्येच संपते. 31 ऑगस्ट ही तारीख घातली तर 15 दिवस भरत नाहीत. म्हणून 30 सप्टेंबरच लिहायला हवी. एवढ्या चुकीपायी वर्षानुवर्षं चाललेले दावे पडत आणि मालकाला नव्या नोटिशीपासून पुन्हा सुरुवात करावी लागे. घराची गरज खरी होती की खोटी, हा प्रश्न अशा दाव्यांत कोर्टासमोर येतही नसे. अखेर 2002 च्या दुरुस्तीने ही अडचण दूर केली. आता 15 दिवस नोटीस मिळाल्यापासून मोजतात. नोटिशीत मुदत कमी लिहिली गेली, तरी दावा कायद्याची मुदत उलटल्यावर लावलेला असेल तर त्या चुकीमुळे नोटीस बाद होत नाही.

दुसरा धागा गरजेचा आहे आणि तो पहिल्या महायुद्धाच्या काळातला. 1915 मध्ये ग्लासगोत भाडेवाढीविरुद्ध भाडेकरूंनी भाडं देणं बंद केलं. त्यानंतर ब्रिटनमध्ये झालेल्या कायद्याने भाडं गोठवलं आणि मालकाचा जागा खाली करून घेण्याचा हक्क आवळला. तरी एक वाट मोकळी ठेवली होती: मालकाला स्वतः राहण्यासाठी जागा वाजवीपणे हवी असेल, तर ताबा मिळू शकत होता. मुंबईत भाडेनियंत्रण 1918 मध्ये आलं. पुढे 1939 आणि 1944 चे कायदे झाले, आणि त्यानंतर दीर्घकाळ टिकलेला 1947 चा मुंबई भाडे कायदा.

1947 च्या कायद्यातलं कलम 13(1)(जी) हे या विषयाचं मूळ. मालकाला राहण्यासाठी जागेची ‘वाजवी आणि प्रामाणिक’ गरज असेल तरच कोर्ट ताबा देईल, असं ते सांगतं. मला या कायद्यात सर्वांत शहाणपणाची वाटते ती त्याला जोडलेली दुसरी अट. गरज सिद्ध झाली तरी कोर्टाने तुलना करायची: ताबा दिला तर भाडेकरूला होणारा त्रास मोठा, की नाकारला तर मालकाला होणारा? दोघांपैकी कोणाला दुसरी योग्य जागा मिळू शकते, हेही तपासायचं. काही वेळा जागेचा फक्त काही भाग परत देऊन मार्ग काढता येतो. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात हेच कलम 16(1)(जी) आणि 16(2) झालं. हा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू आहे.

दोन्ही धाग्यांची गाठ पडली ती 1979 मध्ये. मालकाला 1882 च्या कायद्याची नोटीस आणि भाडे कायद्यातलं कारण, असं दोन्ही लागतं का, हा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी धनपाल चेट्टियार खटल्यात सांगितलं की दोन्ही लागत नाहीत. भाडे कायद्याखालचा ताबा कायद्यातल्या कारणावर मिळतो, आधी भाडेपट्टा संपवण्याची नोटीस देणं गरजेचं नाही. त्यामुळे महाराष्ट्रात स्वतःच्या गरजेसाठी दावा लावायला नोटीस ही सक्तीची पायरी उरली नाही. थकबाकीचं वेगळं: 1999 च्या कायद्यानुसार त्या कारणावर दावा लावण्याआधी 90 दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. ही दोन कारणं एकाच पत्रात मिसळली की गोंधळ होतो.

तरीही वकील गरजेची नोटीस पाठवतात, आणि ते योग्यच आहे. कारण आता तिचं वजन तारखेत नसून मजकुरात असतं. कोणाला राहायचं आहे, सध्या ते कुठे आणि किती जागेत राहतात, मालकाच्या नावावर दुसरी रिकामी जागा आहे का, हे त्यात स्पष्ट लिहावं. आज नोटिशीत मुलासाठी, पुढे दाव्यात मुलीसाठी आणि साक्षीत व्यवसायासाठी असं कारण बदलत गेलं, तर उलटतपासणीत गरजेचा प्रामाणिकपणा टिकत नाही.

‘स्वतःसाठी’ यात घरचे येतात का, यावरही बराच वाद झाला. 2002 च्या जोगिंदर पाल खटल्यात मालकाच्या सनदी लेखापाल मुलाला कार्यालयासाठी जागा हवी होती. तो खटला पंजाबच्या कायद्याखालचा होता, पण त्यातला विचार इतरत्रही उपयोगी पडतो. ज्या नातलगाची सोय लावणं मालकाचं सामाजिक कर्तव्य मानलं जातं, त्याची गरज ही मालकाचीच गरज, असं न्यायालयाने म्हटलं. मात्र नातं आणि जबाबदारी किती जवळची, हे प्रत्येक प्रकरणात पाहावं लागतं. ती लांबच्या नात्यात नुसती गृहीत धरता येत नाही.

खोट्या गरजेवर उपायही कायद्यात आहे, पण फार थोड्या भाडेकरूंना तो माहीत असतो. या कारणावर ताबा मिळाल्यावर मालकाने महिनाभरात जागा वापरली नाही, किंवा वर्षाच्या आत तिसऱ्याला भाड्याने दिली, तर मूळ भाडेकरू 13 महिन्यांत कोर्टात अर्ज करून जागा परत मागू शकतो. म्हणून जागा सोडल्यावरही तिथे कोण राहायला आलं, याची चौकशी करायला हवी.

हे सगळं जुन्या भाडेकरूंचं झालं. आज शहरांतले बहुतेक फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर दिले जातात आणि तिथला हिशेब वेगळा. मुदत संपली की 1999 च्या कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, तिथे मालकाला गरज सिद्ध करावी लागत नाही. जागा न सोडणाऱ्याला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. मुदतीच्या आत मात्र मुलाचं लग्न ठरलं हे कारण पुरत नाही. करारात मालकाला मुदतीआधी नोटीस देण्याची सोय असेल आणि लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याचा काळ, संपला असेल, तरच करारातल्या त्या कलमाप्रमाणे, बहुधा महिन्याच्या नोटिशीवर, जागा मागता येते. तसं कलम नसेल, तर मुदत संपेपर्यंत मालकाला थांबावं लागतं किंवा राहणाऱ्याशी बोलून तडजोड करावी लागते.