फॉरेस्ट प्लॉटमधला हिरा आणि मॅग्नेशियमची गोष्ट

फॉरेस्ट प्लॉट म्हणजे एकाच उपचाराच्या अनेक ट्रायल्सचे निकाल एकाखाली एक दाखवणारं चित्र. प्रत्येक ट्रायलची एक आडवी रेघ, अंदाज जितका अनिश्चित तितकी लांब, मधली उभी रेषा म्हणजे फरक नाही, आणि सगळ्यात खालचा हिरा म्हणजे सगळ्यांचा एकत्रित निकाल. ग्रुपवर अशा प्लॉटचा फोटो येतो, उभ्या रेषेच्या डावीकडे, म्हणजे औषधाच्या बाजूला, खाली छोटासा हिरा दिसतो आणि लगेच कोणीतरी लिहितं की बघा, सिद्ध झालं. मला तेव्हा दरवेळी हार्ट अटॅकमधल्या मॅग्नेशियमचं प्रकरण आठवतं, कारण तिथला हिरासुद्धा असाच डावीकडे होता.

हे चित्र तसं फार जुनं नाही. १९७८ मध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी "फरक नाही" म्हणणाऱ्या ७१ ट्रायल्सचे निकाल आडव्या रेघांनी दाखवले होते, पण त्यांची बेरीज केली नव्हती. १९८२ मध्ये लुईस आणि एलिस यांनी बीटा ब्लॉकर या हृदयाच्या औषधांच्या ट्रायल्सच्या रेघा एकाखाली एक मांडून खाली एकत्रित निकाल दिला. पुढे प्रत्येक रेघेवरचा चौकोन त्या ट्रायलच्या वजनाप्रमाणे, म्हणजे एकत्रित निकालातल्या तिच्या वाट्याप्रमाणे, लहानमोठा काढायला लागले आणि ते बरंच झालं, कारण नाहीतर डोळा सगळ्यात लांब रेघेकडे जातो आणि लांब रेघ म्हणजे तर सगळ्यात कमी खात्रीची ट्रायल.

आता १९९१. टिओ आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅकनंतर शिरेतून मॅग्नेशियम दिलेल्या ७ लहान ट्रायल्स एकत्र केल्या. मॅग्नेशियमच्या ६५७ पेशंटमध्ये २५ मृत्यू, दुसऱ्या गटातल्या ६४४ मध्ये ५३. ऑड्स रेशो साधारण ०.४५, म्हणजे मृत्यूचे ऑड्स, मेलेल्यांचं वाचलेल्यांशी प्रमाण, दुसऱ्या गटाच्या निम्म्याहून कमी, हिरा १ च्या, म्हणजे फरक नाही या उभ्या रेषेला शिवतसुद्धा नव्हता. स्वस्त औषध, देणं सोपं, कोणालाही आनंद होईल असाच निकाल. पण जरा थांबून मोजा, दोन्ही गट मिळून मृत्यू फक्त ७८. अशा प्लॉटमध्ये वजन पेशंटच्या आकड्यापेक्षा घटना किती घडल्या यावर जास्त ठरतं, कारण घटना कमी तर अंदाज डळमळीत, रेघ लांब आणि चौकोन बारका. म्हणजे इथे सातही चौकोन बारकेच होते, आणि सात डळमळीत अंदाज एकत्र केले की हिरा अरुंद होतो खरा, पण निकाल चांगला आला नाही म्हणून न छापलेल्या लहान ट्रायल्स त्या फोटोत कुठून येणार? हिरा त्यांची भरपाई करू शकत नाही.

१९९२ मध्ये लेस्टरची लिमिट-२ ट्रायल आली, २३१६ पेशंट, मृत्यू २४ टक्क्यांनी कमी. विश्वास आणखी वाढला, पण फायदा आधीपेक्षा बराच आक्रसला होता हेही खरं. मग १९९५ मध्ये आयसिस-४ छापून आली, ५८ हजारांवर पेशंट, मॅग्नेशियम गटात ७.६४ टक्के मृत्यू आणि दुसऱ्या गटात ७.२४. फायदा नाहीच.

आता ही ट्रायल त्याच प्लॉटमध्ये टाका. सगळ्या ट्रायल्समागे खरा परिणाम एकच आहे असं धरणारं फिक्स्ड इफेक्ट मॉडेल घेतलं तर तिचा चौकोन बाकी सगळ्यांना गिळतो आणि हिरा १ च्या जवळ येऊन बसतो. खरा परिणाम ट्रायलगणिक वेगळा असू शकतो असं धरणारं रँडम इफेक्ट्स घेतलं तर हिरा डावीकडेच राहतो. डेटा तोच, मग असं का? तर रँडम इफेक्ट्स ट्रायल्समधला आपसातला फरक प्रत्येकीच्या अनिश्चिततेत मिळवतं, त्यामुळे वजनं एकमेकांच्या जवळ येतात आणि शंभर-दोनशे पेशंटच्या ट्रायलला तिच्या मानाने खूपच मोठा आवाज मिळतो. म्हणून फोटोत मॉडेलचं नाव कापलं गेलं असेल तर मी पूर्ण चित्र मागते, त्याशिवाय हिऱ्याबद्दल बोलत नाही.

खाली कोपऱ्यात I² नावाचा आकडा असतो, त्याचा अर्थही लोक ताणतात. ट्रायल्सच्या निकालांमध्ये जो फरक दिसतो त्यातला किती टक्के निव्वळ योगायोगाच्या पलीकडचा आहे, एवढंच तो सांगतो. तो ० आला म्हणजे सगळ्या ट्रायल्स एकसारख्या असं नाही, रेघा लांब असल्या की एकमेकींवर चढतातच आणि खरा फरक असला तरी दिसत नाही. तो ८० आला तर एका हिऱ्याला "सरासरी परिणाम" म्हणण्याआधी कोणती ट्रायल वेगळी पडते आणि का ते बघायला हवं, डोस वेगळा होता का, पेशंट वेगळे होते का, औषध कधी दिलं.

मॅग्नेशियमच्या बाजूने हाच मुद्दा आला होता, आणि तो रास्त होता. आयसिस-४ मध्ये औषध उशिरा दिलं गेलं, रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध देऊन झाल्यावर, म्हणून फायदा दिसला नाही, असं म्हणणं होतं. प्लॉट बघून याचं उत्तर मिळणार नव्हतं, ते तपासायला वेगळी ट्रायलच लागली. २००२ ची मॅजिक ट्रायल, जास्त धोक्याचे ६२१३ पेशंट, औषध लवकर दिलेलं. महिनाभरातले मृत्यू मॅग्नेशियम गटात १५.३ टक्के, प्लासिबो गटात १५.२.