फोटोतलं यंत्र नेमकं कोणतं? जेसीबी, पोकलेन, डोझर आणि क्रेन

अतिक्रमण पाडल्याच्या बातमीचा मथळा असतो 'बुलडोझर चालला', आणि खालच्या फोटोत बहुतेक वेळा जेसीबी उभा असतो. रंगावरून काही कळत नाही. कॅटरपिलर कंपनीने १९३१ साली लांबून दिसावा म्हणून पिवळा घेतला आणि पुढे बहुतेकांनी तोच उचलला. ओळख पटते ती यंत्र कशातून घडलं यावरून.

बुलडोझर घडला ढकलण्यासाठी. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससचा शेतकरी जेम्स कमिंग्ज आणि आराखडे काढणारा अर्ल मॅक्लिऑड यांनी ट्रॅक्टरपुढे रुंद पातं बसवलं. आजही डोझरचं तेच रूप आहे: खाली चाकांऐवजी चेन, पुढे जमिनीलगत पातं. मागे कधी माती फोडायचे दात असतात, पण खोदणारा लांब हात नसतो.

जेसीबी, म्हणजे बॅकहो लोडर, हाही मुळात ट्रॅक्टरच. इंग्लंडच्या जोसेफ सिरिल बॅमफर्डच्या कंपनीने १९५३ साली फोर्डसन ट्रॅक्टरला पुढे भरायची बकेट आणि मागे खोदायचा हात जोडला. १९७९ पासून हरियाणातल्या बल्लभगडमध्ये ही यंत्रं बनू लागली आणि गावोगाव त्या कंपनीचं नावच यंत्राला चिकटलं.

फसगत होते ती समोरून काढलेल्या फोटोत. मागचा हात केबिनआड जातो, दिसते फक्त पुढची बकेट, आणि आपण त्याला नुसती माती भरणारा लोडर समजतो. अशा वेळी चाकं बघावीत. साध्या व्हील लोडरची चारही चाकं सारखी मोठी असतात. आपल्याकडच्या नेहमीच्या जेसीबीची पुढची चाकं लहान, मागची मोठी. ट्रॅक्टरचं रक्त तिथे दिसतं. खोदकाम चालू असेल तर मागे दोन्ही बाजूंना टेकवलेले पायही दिसतील. मागचा हात साधारण अर्धवर्तुळातच फिरतो, केबिन जागची हलत नाही.

केबिनसकट वरचा सगळा भाग गरगर फिरतो तो एक्स्कॅव्हेटरचा, साइटवरच्या भाषेत पोकलेनचा. पोक्लेन ही फ्रेंच कंपनी. तिने १९६१ मध्ये पूर्ण गोल फिरणारं हायड्रॉलिक यंत्र आणलं, आणि पुढे भारतात एल अँड टीने तिच्या सहकार्याने ही यंत्रं बनवली. फोटोत केबिनचं तोंड एकीकडे आणि चेन भलतीकडे दिसली, शिवाय टोकाला बकेट असली, की शंका उरत नाही. टायरवरचे पोकलेनही असतात, म्हणून नुसत्या चेनवर विसंबू नये.

क्रेनचा वरचा भागही फिरतो, काही क्रेन चेनवरही चालतात. फरक टोकाशी आहे: क्रेनवर तारेचा दोर पुलीवरून येतो आणि आकडा लोंबतो. पोकलेनचा हात मात्र मधे वाकलेला असतो आणि त्यावर चकचकीत दांड्यांचे सिलिंडर दिसतात. गटाराच्या कामावर पोकलेनच्या बकेटला साखळी बांधून पाइप उचललेला फोटो मिळाला, तरी ते यंत्र पोकलेनच.