छत आणि जोतं: इमारतीची नेमकी कोणती कड आखायची?

उपग्रह प्रतिमेत इमारत म्हणून जे ठळक दिसतं ते तिचं छत असतं. नकाशावर मात्र आपल्याला जोतं हवं असतं, म्हणजे इमारत जमिनीला जिथे टेकते ती कड. उपग्रह बरोबर डोक्यावर असेल तर दोन्ही जवळपास एकावर एक येतात. पण बहुतेक प्रतिमा तिरक्या कोनातून घेतलेल्या असतात, आणि मग छत उपग्रहापासून दूरच्या बाजूला सरकलेलं दिसतं. किती सरकलं याचं गणित सोपं आहे: इमारतीची उंची गुणिले कोनाचा टॅन्जंट. हा कोन जमिनीवरून उभ्या रेषेशी मोजलेला घ्यावा. उपग्रहाकडून मोजलेला कोन पृथ्वीच्या गोलाईमुळे थोडा कमी भरतो.

एक आठ मजली इमारत घेऊ. उंची २४ मीटर, छत २० बाय १२ मीटर, कोन २५ अंश. छत सुमारे ११.२ मीटर सरकेल. ते रुंदीच्या दिशेने सरकलं असेल, तर प्रतिमेत छताला लागूनच २० मीटर लांब आणि ११.२ मीटर जाडीचा भिंतीचा पट्टा दिसेल. घाईत आखणारा माणूस छत आणि भिंत मिळून एकच चौकोन काढतो. क्षेत्रफळ २४० चौरस मीटरऐवजी ४६४ होतं, जवळजवळ दुप्पट. नुसतं छत आखणाऱ्याचं क्षेत्रफळ बरोबर येतं, पण इमारत ११ मीटर बाजूला पडते, कदाचित शेजारच्या प्लॉटवर.

यावर उपाय असा की आकार छतावरून घ्यावा आणि जागा जोत्यावरून. छताचे कोपरे स्वच्छ दिसतात, म्हणून बहुभुज तिथेच काढायचा. मग समोर दिसणाऱ्या भिंतीची उभी कड छताच्या कोपऱ्यापासून खाली जमिनीपर्यंत पाहायची आणि अख्खा बहुभुज त्या रेषेने ओढून तळाच्या कोपऱ्यावर आणायचा. QGIS या नकाशे आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी `Move Feature` आहे. बहुभुज फिरवायचा किंवा ताणायचा नाही, फक्त सरकवायचा. झाडांमुळे भिंतीचा तळ दिसत नसेल तर सावली बघावी, कारण सावली जोत्यापासून सुरू होते. सावलीवरून उंचीही मिळते: सूर्य क्षितिजापासून ५० अंश वर आणि सपाट जमिनीवर सावली २० मीटर असेल, तर उंची सुमारे २४ मीटर. सावली दुसऱ्या इमारतीवर चढली असेल तर हा हिशेब सोडून द्यावा.

इथे एक गैरसमज हमखास होतो. ‘प्रतिमा ऑर्थोरेक्टिफाइड आहे, मग छत सरकेल कसं?’ ऑर्थोरेक्टिफाइड म्हणजे तिरक्या कोनामुळे सरकलेल्या जागा दुरुस्त केलेली प्रतिमा. पण ही दुरुस्ती बहुधा उघड्या जमिनीच्या उंचसखलपणावर केलेली असते. इमारतींची उंची तिच्यात धरलेली नसते. म्हणून रस्ते जागेवर येतात आणि छतं तिरकीच राहतात. नेमका हाच फरक तपासणीला उपयोगी पडतो. रस्त्यांचे चौकसुद्धा सरकलेले असतील तर अख्खी प्रतिमाच हललेली आहे. चौक बरोबर आणि फक्त उंच इमारती चुकलेल्या असतील तर तो इमारतींचा कल आहे. उपग्रह प्रतिमेच्या छोट्या तुकड्यात सगळ्या इमारती एकाच दिशेला कलतात. विमानातून काढलेल्या फोटोत मात्र त्या विमानाच्या थेट खालच्या बिंदूपासून बाहेरच्या बाजूला, चहूकडे कलतात, आणि बिंदूपासून जितकं दूर तितका कल जास्त.

नुसती मोजणी करायची असेल तर छतं मोजली तरी चालेल, असं वाटतं. बैठ्या घरांच्या वस्तीत चालतंही. उंच इमारतीमागे मात्र कलाइतकाच पट्टा झाकला जातो, आणि त्या ११ मीटरमधलं बैठं घर मोजणीतून सरळ गळतं. दोन तारखांच्या प्रतिमांची तुलना करताना आणखी मोठा घोळ होतो. पहिली प्रतिमा एका बाजूने २५ अंशांतून आणि दुसरी उलट बाजूने १५ अंशांतून घेतली असेल, तर आपल्या इमारतीचं छत एकदा ११.२ मीटर इकडे आणि एकदा ६.४ मीटर तिकडे दिसतं. एकूण फरक १७.६ मीटर, तर इमारतीची रुंदी १२ मीटर. दोन्ही छतं एकमेकांना शिवतही नाहीत. आपोआप होणारी तुलना तिथे एक इमारत पाडलेली आणि एक नवी बांधलेली दाखवते. असे जोडीने आलेले ‘बदल’ एकाच दिशेने सरकलेले दिसले की आधी दोन्ही प्रतिमांचे कोन पाहावेत.

बैठ्या घरांत कल किरकोळ असतो, पण तिथे वळचण फसवते. ८ बाय ६ मीटरच्या घराला चहूबाजूंनी अर्धा मीटर वळचण असेल तर छत ६३ चौरस मीटर दिसतं, जोतं ४८ च असतं. थेट वरून घेतलेल्या प्रतिमेत ही वळचण कळतच नाही. थोड्या तिरक्या प्रतिमेत निदान एका बाजूची भिंत छताच्या कडेपासून आत सुरू होताना दिसते, आणि तेवढ्यावरून वजाबाकीचा अंदाज बांधता येतो.